केस कमरेवर अडलेत: दर दोन महिन्यांनी ट्रिम, की कात्री बंद?

मैत्रिणीची मुलगी याच पेचात आहे. मेंदीखालून महिन्याला सेंटीमीटरभर काळे मूळ दिसते, म्हणजे केस वाढतायत. लांबी मात्र तिथेच.

लांबीचा हिशोब: दोन महिन्यांत वाढ दोन सेंटीमीटर आणि पार्लरमध्ये कापले जातात तेवढेच. ट्रिममुळे मुळाशी वाढीचा वेग बदलत नाही. कात्री थांबवली तर वाढ हाती लागते, पण टोके दुभंगून तुटत नसतील तरच.

खर्च आणि खटपट: ट्रिमला पैसे लागतात. कात्री बंद ठेवायची तर रोजची काळजी हवी: गुंता टोकाकडून सोडवणे, ओले केस न ओढणे, सैल वेणी.

खरी कमाल लांबी वेगळीच. केस साधारण दोन ते सात वर्षे वाढतो, मग गळतो. समजा पाच वर्षे, गुणिले वर्षाला बारा, म्हणजे साठ सेंटीमीटर. विंचरताना गळलेला, मुळाशी पांढरा ठिपका असलेला केस बघा. टोक निमुळते असेल तर तो न कापता, न तुटता पूर्ण लांबीपर्यंत वाढला. तुटके किंवा कापलेले असेल तर मर्यादा मुळाची नाही.

टोके दुभंगलेली असतील त्यांनी ट्रिमच करावे, पण वाढीपेक्षा कमी. टोके धड असतील त्यांनी कात्री थांबवावी.