22 जणांचे एकच आजोबा

आकडा आधी सांगते. क्लासची फी 24,500, ‘स्पीकिंग’ची छापील वही 3,500, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची फी 17,000, मुंबईला जाणं-येणं आणि एक रात्र लॉज 2,860. एकूण 47,860 रुपये आणि बदल्यात स्पीकिंगला 5.5. मी नर्स आहे, यूकेच्या नोंदणीला स्पीकिंगमध्ये 7 लागतात. बाकी तिन्ही भागांत मला हवे तेवढे मिळाले होते. हे मुद्दाम लिहिते, कारण क्लासवाले आता “तिचं इंग्रजीच कच्चं होतं” असं सांगत फिरतायत.

गॅरंटी होती 7 ची. तोंडी, अर्थातच.

स्पीकिंगच्या परीक्षेत कार्डावर एक विषय देतात, त्यावर एकट्याने बोलायचं असतं. दुसऱ्या आठवड्यात त्या कार्डाचा सराव झाला. पुढच्या बाकावरच्या मुलीने सांगितलं की आजोबांनी तिला पतंग उडवायला शिकवलं. तिच्या मागच्या मुलानेही तेच सांगितलं. मग माझी पाळी. 22 जणांचे एकच आजोबा, सगळ्यांचा पतंग लाल! माझे आजोबा मी जन्मायच्या आधीच गेलेत. मी तसं म्हटलं तर सर म्हणाले, “परीक्षकाला काय स्वप्न पडणारेय?” सगळे हसले. मीही हसले, तेच आज सगळ्यात जास्त लागतं. तेव्हाच उठायला हवं होतं. पण फी भरून झाली होती, आणि रात्रपाळी करून सकाळी एसटीने दापोलीहून क्लासला येणाऱ्या बाईला तयार वही सोन्यासारखीच वाटते.

परीक्षेत कार्ड आलं: वाट पाहावी लागली तो प्रसंग. तयारीला एक मिनिट असतं. ते मी वहीतली पहिली ओळ आठवण्यात घालवलं आणि आजोबांना वाऱ्याची वाट पाहायला लावलं. मिनिटभर धाडधाड बोलले, एकाच सुरात, श्वास फक्त वहीत पूर्णविराम होता तिथे. मग चर्चेत परीक्षक बाईंनी विचारलं, आजकाल माणसांचा धीर कमी झालाय का? मी म्हटलं, “देअर आर बोथ मेरिट्स अँड डीमेरिट्स.” त्या थांबल्या. पुढे कसले मेरिट्स ते मला सांगता येईना. आता अडखळत, साधी वाक्यंही अर्धवट. दोन मिनिटांत दोन वेगळ्या बायका बोलल्यासारख्या.

परीक्षक नेमकं हेच ऐकतात. ओघ, शब्द, व्याकरण, उच्चार या चारही गोष्टींना सारखं वजन असतं, आणि पाठांतर चारही ठिकाणी उघडं पडतं. गोष्ट प्रश्नाला सुटून जाते, जड शब्द चुकीच्या जागी बसतात, सूर सपाट होतो. खाली मग तुमचं स्वतःचं व्याकरण किती आहे हे त्यांना कळणार कसं? जाहीर निकषांत ‘पाठ केलेली वाटणारी वाक्यं’ व्याकरणाच्या बँड 3 मध्ये, म्हणजे 3 गुणांच्या पातळीत आहेत. हे मी निकालानंतर वाचलं. आधी वाचा, फुकट मिळतात.

पोलीस ठाण्यात गेले. “शिकवलं ना त्यांनी? मग फसवणूक कुठली?” पावतीवर फक्त ‘ट्यूशन’ लिहिलेलं. ग्राहक तक्रारीसाठी विचारायला गेले तर एकाने दुसऱ्या टेबलावर पाठवलं, दुसऱ्याने गॅरंटीचा कागद मागितला, तिसरा जेवायला गेलेला. चौथ्या खेपेला कळलं की साहेब मंगळवारी येतात. तो मंगळवारच होता. म्हणून सांगते, गॅरंटी देत असतील तर तिथल्या तिथे कागदावर घ्या, आणि पैसे रोख देऊ नका.

आता दुसऱ्यांदा बसतेय, वही नाही. स्वतःचे पाच-सहा प्रसंग ठेवलेत, वाक्यं नाही, फक्त तपशील. उदाहरणार्थ, दाभोळची शेवटची फेरीबोट चुकली ती संध्याकाळ: ओली पिशवी, बंद टपरी, आईला फोन लागत नव्हता, एका मासेवाल्याने होडीतून सोडलं. कार्ड ‘वाट पाहणं’ असेल तर धक्क्यावरून सुरू करते, ‘मदत करणारी व्यक्ती’ असेल तर मासेवाल्यापासून, ‘प्रवास’ असेल तर होडीत बसल्यापासून. मिनिटभरात कागदावर चार शब्दच लिहायचे, वाक्य लिहिलं की ते वाचलं जातं. आणि प्रसंग कुठल्याच बाजूने कार्डाला लागत नसेल तर ओढूनताणून आणू नका, साधं दुसरं काहीतरी बोला.

भावाला सांगितलंय, मध्येच “का?” विचार. त्या ‘का’नंतर माझा वेग आणि आवाज बदलला तर तो तुकडा पाठ झालेला आहे, मग तो प्रसंग आठवडाभर बाजूला. परवा फेरीबोटीचाच तुकडा तसा निघाला, चार वेळा सांगून झाला होता. ‘मोअरओव्हर’ आणि ‘फर्दरमोअर’ तर बोलताना टाकलेच. मराठीत गप्पा मारताना कुणी ‘तद्वतच’ म्हणतं का?

काल क्लासचा मेसेज आला. नवी वही, नवे कार्ड, जुन्या विद्यार्थ्यांना सवलतीत 2,800. आजोबा तेच असणार.