रनर दाबावा, बदलावा की अख्खी चेन?

सॅकची किंवा जॅकेटची चेन बंद करत पुढे जावं आणि मागे ती पुन्हा फाकलेली दिसावी, ही नेहमीची तक्रार. अशा वेळी तीन वाटा असतात: पकडीने रनर दाबणं, रनर बदलणं किंवा सगळी चेन उसवून नवी घालणं. दुरुस्तीवाल्याकडे बहुतेकदा तिसरीच वाट सांगितली जाते, कारण उसवून शिवायचं काम त्याच्या रोजच्या हातातलं असतं आणि नेमक्या मापाचा सुटा रनर शोधत बसावं लागत नाही. पण दात शाबूत असतील, तर ती मजुरी वाया जाते.

म्हणून आधी दोष दातांचा की रनरचा हे ठरवा. सॅकच्या मोठ्या कप्प्याला सहसा दोन रनर असतात आणि तिथे हे लगेच कळतं. उजवा रनर ओढला की चेन फाकते, पण त्याच दातांवरून डावा रनर नेला की नीट बंद होते, तर दात ठीक आहेत आणि उजवा रनर गेला आहे. एकच रनर असेल तर फाकण्याची जागा बघा. दर वेळी वेगळीकडे फाकत असेल तर रनर. नेहमी त्याच दोन बोटं जागेत फाकत असेल तर तिथला दात तुटलाय, वाकलाय किंवा कापडी पट्टीपासून सुटलाय. मग रनर नवा घातला तरी उपयोग नाही.

बहुधा दातांआधी रनर जातो, कारण सॅकची नायलॉनची चेन म्हणजे पट्टीवर शिवलेलं एक सलग वेटोळं असतं आणि ते सहजी झिजत नाही. रनर मात्र बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा, तुलनेने मऊ. रोजच्या घासण्याने त्याच्या वरच्या आणि खालच्या पात्यांमधली फट किंचित वाढते. तेवढीही पुरते: दात एकमेकांत पुरते दाबले जात नाहीत.

पक्कड ही फट कमी करते. रनरला एका बाजूला दोन तोंडं असतात, जिथून सुटे दात आत जातात, आणि दुसऱ्या बाजूला एकच, जिथून बंद चेन बाहेर येते. दाबायचं ते या एका तोंडाच्या बाजूला, डावी कड थोडी आणि उजवी कड तितकीच. मध्यभागी किंवा ओढायची पट्टी अडकवलेल्या कमानीवर जोर देऊ नये. प्रत्येक हलक्या दाबानंतर चेन लावून बघा. जास्त दाबलं तर रनर जाम होतो आणि पातळ सपाट पेचकसाने फट परत उघडावी लागते; या उलटसुलट वाकवण्यातच तो बरेचदा तडकतो, कारण हा धातू वाकण्यापेक्षा तुटणं पसंत करतो. उद्या सकाळच्या गाडीने निघायचंय, तर पक्कड उत्तम. पण झिजलेला धातू दाबल्याने भरून येत नाही. दाबलेला रनर थोड्याच दिवसांत पुन्हा फाकवायला लागला, तर दुसऱ्यांदा पक्कड घेऊ नका.

आता रनर बदलणं. जुन्या रनरच्या पाठीवर बहुधा आकडा कोरलेला असतो: हलक्या कपड्यांना ३, जॅकेटला आणि लहान बॅगांना ५, सॅक-सुटकेसना ८ किंवा १०. तोच आकडा हवा, आणि दातांचा प्रकारही तोच. नायलॉनच्या वेटोळ्याचा ५ नंबर, सुट्या प्लॅस्टिक दातांचा ५ नंबर आणि पितळी दातांचा ५ नंबर हे तीन वेगळे रनर आहेत, एकमेकांच्या जागी चालत नाहीत. जुना रनर सोबत घेऊन शिलाई-सामानाच्या दुकानात जाणं सगळ्यात सोपं.

वरच्याच सॅकचा उजवा रनर बदलायचा आहे असं धरू. चेनचं उजवं टोक अस्तरात जिथे शिरतं, तिथली तीन-चार सेंटीमीटर शिवण उसवा. जुना रनर त्या टोकाकडे सरकवून बाहेर काढा. डाव्याला हात लावायची गरज नाही. पट्टीचे धागे सुटले असतील तर टोकं तिरपी कापून मेणबत्तीच्या जवळ क्षणभर धरा, म्हणजे कड वितळून घट्ट होते. नव्या रनरची दोन तोंडं डाव्या रनरकडे करून दोन्ही टोकं त्यांत एकेक सरकवा, दोन्ही अगदी समान आत आहेत ना ते बघा, मग टोकं धरून रनर पुढे ओढा. मागे बंद चेन येईल. एक दात जरी मागेपुढे बसला तर चेन लावल्यावर एका बाजूला फुगवटा दिसतो. तो पुढे आपोआप जात नाही. रनर काढून परत घालावा. शेवटी टोक अस्तरात ढकलून दुहेरी दोऱ्याने, दातांवरूनही चार-पाच टाके घेऊन, शिवून टाका. हे टाके सैल राहिले तर पहिल्याच ओढीला रनर बाहेर येतो.

जॅकेटला हेच काम वरून होतं. ज्या बाजूला खाली पिन बसवायची डबी असते, त्या बाजूचा वरचा स्टॉपर पकडीने हळूच काढायचा. पट्टी कॉलरच्या शिवणीत गेलेली असेल तर तिथे थोडं उसवायचं. जुना रनर वर ओढून काढायचा आणि नवा, दोन तोंडं वर ठेवून, त्याच पट्टीवर डबीपर्यंत उतरवायचा. स्टॉपर वाकडा झाला असेल तर त्या जागी दोऱ्याची जाड गाठ चालते.

पण जॅकेटच्या खालच्या पिनेचा भाग फाटून पिन डुगडुगत असेल, तर दाबणं-बदलणं दोन्ही सोडा. पिन डबीत सरळ बसली नाही तर पहिला दातच चुकतो. फाटक्या कडेला नेलपॉलिशचे दोन हात देऊन आठवडाभर निभावता येईल. नंतर अख्खी चेनच घालावी लागते.

नुसती अडकलेली चेन हे वेगळं दुखणं. अस्तर रनरमध्ये गेलं असेल तर रनर पुढे रेटू नका. एका हाताने कापड बाजूला ताणून धरा आणि रनर मागे, उघडायच्या दिशेने, थोडा थोडा हलवा. कापड नसतानाही जड जात असेल तर जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात दात घासा, पूर्ण वाळवा आणि नायलॉनवर मेणबत्ती, धातूवर पेन्सिलचं शिसं फिरवा. खोबरेल किंवा मशीनचं तेल नको: कापडाला डाग पडतो आणि धूळ चिकटून आठवड्यात पुन्हा तेच. किनाऱ्याकडच्या खाऱ्या हवेत पितळी दातांवर हिरवी पुटं चढतात. ती घासून निघतात, पण दात खाल्ले गेले असतील तर चेन बदलावीच लागते.

दुकानात जायचंच तर कुणाकडे, हेही बघावं. जॅकेटची चेन शिंपी बदलेल. सॅक आणि ट्रॉली बॅगेचे जाड थर मात्र त्याच्या मशीनखाली जात नाहीत. त्याला बॅग-दुरुस्तीवाला किंवा जड मशीन असलेला चांभार हवा. चामड्याच्या जॅकेटचं काम देताना नवी शिवण जुन्याच भोकांतून घ्यायला सांगा, कारण चामड्यातली भोकं बुजत नाहीत आणि शेजारी दुसरी ओळ पाडली की तिथून ते फाटतं. आतून शिवणींवर पट्ट्या चिकटवलेल्या पावसाळी जॅकेटची चेन बदलायच्या आधी, त्या पट्ट्या परत लावून मिळतील का ते विचारा. नाही म्हणाला, तर सुईच्या भोकांतून पाणी आत येणार हे धरून चाला.