व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप की रेकॉर्ड केलेला फोन: मेळघाटातल्या एका निर्णयासाठी

समजा, धारणी तालुक्यातल्या दोनशे गरोदर आणि बाळंत बायकांपर्यंत दर आठवड्याला आरोग्याचा एक निरोप पोचवायचा आहे. पैसा मोजका आहे. संस्थेत दोन तट पडलेत: एकाला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हवा आहे, दुसऱ्याला आपोआप जाणारा व्हॉइस कॉल. अशा बैठकीत बोलणं बहुतेक वेळा टॉवरभोवतीच फिरतं. टॉवर नसलेल्या पाड्यावर दोन्ही बंद, त्यात वाद नाही. पण निरोप खरा गळतो तो टॉवर असलेल्या गावात, आणि दोन्ही माध्यमांत तो वेगवेगळ्या जागी गळतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशाच्या ग्रामीण भागात स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या बायका 46.6 टक्के निघाल्या. इंटरनेट एकदा तरी वापरलेल्या फक्त 24.6 टक्के, तर पुरुष 48.7 टक्के. आकडे आता जुने झालेत, पण व्हॉट्सअ‍ॅप निवडलं की सुरुवातीलाच कोण बाहेर पडतं ते त्यातून दिसतं. ग्रुपमध्ये जोडलेला नंबर अनेकदा नवऱ्याचा असतो, आणि स्तनपानाचा निरोप त्याच्या फोनवर, बाकीच्या शंभर फॉरवर्डखाली दबून जातो.

तरीही व्हॉट्सअ‍ॅपची एक सोय फोनकडे नाही: गळती कुठे झाली ते ते दाखवतं. ग्रुपमधल्या आपल्या मेसेजची 'माहिती' उघडा. तो कोणाला पोचला, कोणी पाहिला आणि कधी, हे तिथे नावानिशी दिसतं. मंगळवारी पाठवलेला निरोप बऱ्याच जणींना थेट बाजाराच्या दिवशीच पोचलेला दिसला, तर घरी नेट नाही, बाजाराच्या गावात आहे, असं समजायला हरकत नाही. पोचला पण पाहिलाच नाही, तर प्रश्न नेटचा नाही.

व्हॉइस कॉल साध्या बटणाच्या फोनवर येतो, वाचता येण्याची गरज नाही, आणि कोरकूत बोलता येतो. शेवटची गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते, कारण मराठीतला नेटका मजकूर इथल्या कित्येक घरांत तसाही परकाच. आरोग्य मंत्रालयाची 'किलकारी' याच वाटेने चालते: गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत आठवड्याला एक, असे 72 फोन. आधी बिहारमध्ये रुजलेली ही सेवा 2024 मध्ये महाराष्ट्रातही आली. तिच्याकडून अपेक्षा मात्र बेताच्या ठेवाव्यात. मध्य प्रदेशातल्या मोठ्या चाचणीत गर्भनिरोधक साधनांचा वापर थोडा वाढला, पण निव्वळ स्तनपानावर ठळक परिणाम दिसला नाही.

फोनची गळती रिचार्जपाशी होते. 2018 च्या अखेरीपासून मोठ्या कंपन्यांनी किमान रिचार्जची अट आणली. मुदत संपल्यावर काही दिवसांनी येणारे फोनही बंद होतात. शिवाय लोक सिम बदलतात आणि यादीतला नंबर मरतो. अनोळखी नंबर पाहून कर्जवाल्यांचा असेल म्हणून न उचलणारे निराळेच.

म्हणून निर्णयाआधी दोनशे नंबरांवर एक चाचणी फोन लावा, संध्याकाळी सात ते आठ, माणसं शेतातून परतल्यावर. निकाल चार रकान्यांत लिहा. समजा 80 जणांनी उचलला, 50 वाजून राहिले, 40 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' किंवा बंद, आणि 30 जणांचे नंबर अस्तित्वात नाहीत किंवा येणारे फोन बंद आहेत. वाजून राहिलेल्या 50 साठी ठरलेली वेळ, कायम एकच नंबर आणि आशाताईंनी आधी घरी जाऊन दिलेली ओळख, एवढ्याने बराच फरक पडू शकतो. शेवटचे 30 माध्यम बदलून मिळणार नाहीत, त्यांना यादी दुरुस्तीच हवी. मग उचललेल्या 80 मध्ये फोन बाईने घेतला की घरच्या दुसऱ्या कोणी, तेही विचारा.

खर्चाचं गणित उलटं आहे. व्हॉट्सअ‍ॅप संस्थेला फुकट पडतं, डेटाचा भार बाईवर जातो. कॉलचे मिनिटाचे पैसे संस्था भरते, आणि एकगठ्ठा फोनांसाठी दूरसंचार नियमांनुसार नोंदणीची कटकटही तिचीच. माझ्या मते हा खर्च संस्थेनेच उचलावा.

तेव्हा बायकांसाठी कॉल, आणि व्हॉट्सअ‍ॅप फक्त आशाताई आणि पर्यवेक्षिका यांच्यापुरतं ठेवा. त्यांना फोटो, तक्ते, याद्या लागतात आणि त्यांच्याकडे स्मार्टफोन असण्याची शक्यता जास्त. उरले 'बाहेर'चे 40. त्यांच्यासाठी छत्तीसगडमध्ये पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांच्या सीजीनेट स्वर या फोनवरच्या बातमीसेवेच्या मंडळींनी काढलेली वाट बघावी: 'बुल्टू रेडिओ', म्हणजे नेट असलेल्या जागी ध्वनिफीत उतरवून घ्यायची आणि पुढे ब्लूटूथने फोनवरून फोनवर द्यायची. धारणीत हे काम बाजाराच्या दिवशी आशाताईंच्या फोनवरून सुरू करता येईल.