जिनिंग तोट्यात आहे: हंगाम चालवायचा, कुलूप लावायचं की लीज सोडायची?

हिंगणघाट-वणी पट्ट्यात जिनिंग लीजवर घेणाऱ्याच्या हातात कापसाचा भाव नसतो, गाठीचा नसतो आणि सरकीचाही नसतो. रुई आणि सरकी विकून आलेल्या पैशांतून कापसाचे पैसे वजा केले की उरेल ते मार्जिन त्याचं.

हिशोबापुरते आकडे धरू. हंगामात ४०,००० क्विंटल कापूस, मार्जिन क्विंटलमागे ३०० रुपये. वापरलेली वीज, रेजा-हमाल, गाठींचं पॅकिंग, रोलरची झीज हा चालवण्याचा खर्च २२० रुपये. याशिवाय लीजचे ३० लाख, आणि विजेचा स्थिर आकार, चौकीदार, मुनीम यांचे १५ लाख. करार अजून एक हंगाम बाकी आहे, म्हणून हे ४५ लाख यंत्रं फिरली काय न फिरली काय, द्यायचेच.

चालवली तर क्विंटलमागे ८० रुपये सुटतात, म्हणजे ३२ लाख. तोटा १३ लाख. कुलूप लावलं तर तोटा सरळ ४५ लाख. मुनीमजी वहीतला तोटा दाखवून "बंद करा" म्हणतील, पण वही ४५ लाखही त्यात मोजते, आणि ते बंद करून वाचत नाहीत. या हंगामापुरता मी तरी बिनदिक्कत चालवीन.

मार्जिन २०० वर घसरलं तर मात्र चित्र उलटतं. प्रत्येक क्विंटल २० रुपये खिशातून मागतो. चालवून ५३ लाख जातात, बंद ठेवून ४५. म्हणजे कुलपाची रेषा २२० वर आहे. हंगामाच्या शेवटी फरदडीचा कापूस येतो, रुईचा उतारा पडतो, तेव्हा ही रेषा फेब्रुवारी-मार्चमध्येच ओलांडली जाऊ शकते. म्हणून हिशोब दर आठवड्याला करावा.

लीज संपते त्या दिवशी प्रश्नच बदलतो. आता ४५ लाखही टाळता येतात, म्हणून तेही क्विंटलवर वाटायचे: २२० अधिक सुमारे ११३, एकूण ३३३ रुपये. त्यात स्वतःचा वेळ आणि अडकवलेल्या पैशांवरचं व्याज धरलेलं नाही. ते धरलं तर आकडा आणखी चढतो. पुढेही ३०० च मिळणार असतील, तर जे मार्जिन गेल्या हंगामात चालवायला पुरेसं होतं, त्याच मार्जिनवर लीज पुन्हा करू नये. "एवढे पैसे घातले, आता कसं सोडायचं" हे मनाला पटतं, पण गेलेले पैसे दोन्हीकडे सारखेच गेलेले असतात. यंत्रं स्वतःची असतील तर लीजच्या जागी ती विकून काय येईल ते बघा, विकत घेतानाचा भाव नव्हे.

सही करण्याआधी एकच गोष्ट तपासावी: तालुक्यातले आणखी किती जण सोडतायत. जिनिंग कमी झाल्या की कापसासाठीची चढाओढ थंडावते आणि उरलेल्यांचं मार्जिन ३३३ कडे सरकतं. शेजारचे दोघं आधीच बाहेर पडले असतील, तर मालकाशी लीज कमी करण्याची बोलणी करून एकच हंगाम वाढवून घेणं मला जास्त पटतं.