स्वाइप मशीनचा वर्षभराचा अनुभव: मशीन चांगलं, सेटलमेंट मात्र तपासून घ्या

सोलापूरच्या चाटी गल्लीत आमचं चादरी-टॉवेलचं छोटं दुकान आहे. बँकेचं स्वाइप मशीन घेऊन वर्ष होत आलं. मशीनबद्दल तक्रार नाही. रेंज पकडतं, बॅटरी दिवस काढते, गड्डा यात्रेच्या गर्दीतही अडकलं नाही. अक्कलकोट-तुळजापूर करून येणारं गिऱ्हाईक चार चादरी जास्तीच्या घेतं, ते कार्ड चालतं म्हणूनच. माझा राग आहे तो सेटलमेंटवर.

पैसे दुसऱ्या कामाच्या दिवशी खात्यात येतात, पण दिवसभराच्या सगळ्या कार्डांची मिळून एकच ओळ, तीही चार्ज कापून. कोणत्या कार्डावर किती कापलं, पासबुकावरून काही कळत नाही. सुरुवातीचे महिने मला वाटायचं, क्रेडिट कार्डच खातंय. शेजारचे सांगायचे, "ताई, कार्डवाल्याकडून दोन टक्के वरचे घ्या." ते मी केलं नाही. डेबिट कार्डावरचा चार्ज गिऱ्हाइकावर टाकायचा नाही, हे बँकेनं दुकानदाराला पाळायला लावावं असा रिझर्व्ह बँकेचाच आदेश आहे. हा खर्च दुकानाचा. त्यातला मोठा वाटा गिऱ्हाइकाला कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, थोडा कार्डाच्या नेटवर्कला, आणि उरलेला मशीन देणाऱ्या बँकेला.

शेवटी बँकेकडून व्यवहारनिहाय रिपोर्ट मागवला. त्यात प्रत्येक स्वाइपसमोर कार्डाचा प्रकार, मूळ रक्कम, एमडीआर म्हणजे कार्ड चालवल्याचा हा चार्ज, त्यावरचा जीएसटी आणि निव्वळ रक्कम असते. एका शनिवारची चार बिलं घेऊन बसले आणि क्रेडिट कार्डाबद्दलचं माझं मत तिथंच बदललं.

पहिलं बिल १,८०० रुपयांचं, रुपे डेबिट. कपात शून्य. रुपे डेबिट आणि यूपीआयवर जानेवारी २०२० पासून एमडीआर नाही. दुसरं १,५०० चं, क्रेडिट. आमच्या करारात क्रेडिटचा दर २ टक्के आहे, म्हणून ३० रुपये. व्यवहार २,००० पर्यंतचा असल्यानं त्यावर जीएसटी नाही. तिसरं ६,५०० चं, तेही क्रेडिट. १३० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २३.४०, म्हणजे १५३.४०. क्रेडिटच्या दराला रिझर्व्ह बँकेनं कमाल मर्यादा घातलेली नाही, करारात ठरेल तो दर. इथवर सगळं बरोबर.

चौथं बिल ३,२०० चं, व्हिसा डेबिट. एमडीआर २८.८०, जीएसटी ५.१८, एकूण ३३.९८. भागून पाहिलं तर दर ०.९० टक्के निघाला. खरा घोळ इथं होता. मागच्या आर्थिक वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल, तर मशीनवरच्या डेबिटला जास्तीत जास्त ०.४० टक्के लावता येतात आणि एका व्यवहाराला २०० रुपयांच्या वर जाता येत नाही. हा नियम १ जानेवारी २०१८ पासून आहे. ०.९० ही मोठ्या दुकानांची मर्यादा. आमची उलाढाल २० लाखांच्या आतली, तरी बँकेनं आम्हाला मोठ्यांच्या गटात टाकलं होतं. ०.४० नं १२.८० आणि जीएसटी २.३० होतो, म्हणजे १५.१०.

त्या दिवशी १३,००० च्या विक्रीवर १२,८०१.५० यायला हवे होते, आले १२,७८२.६२. फरक १८ रुपये ८८ पैसे. रक्कम लहान दिसते, पण प्रत्येक मोठ्या डेबिट बिलावर ती जात होती. आमची जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे कापलेला जीएसटीही परत मिळत नाही, तो सरळ खर्चातच जातो.

शाखेत गेले तर "मॅडम, सिस्टिमनं कापलंय" एवढंच उत्तर. मग सीएकडून उलाढालीचा दाखला घेतला, रिपोर्टमधल्या त्या ओळीवर खूण केली आणि लेखी अर्ज दिला. अर्जावर पोच घेतली. लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येतं, हेही त्यात लिहिलं. गट बदलला. आता डेबिटवर ०.४० च कापले जातात. मागच्या महिन्यांची जादा कपात परत मिळावी म्हणून वेगळा अर्ज दिलाय, त्याचा पाठपुरावा मी सोडणार नाही.

मशीन ठेवणार आहे. नवीन घेणाऱ्यांनी अर्ज भरतानाच आपल्याला कोणत्या गटात घातलं ते लेखी विचारावं आणि पहिल्याच आठवड्यात रिपोर्टमधलं २,००० च्या वरचं एखादं व्हिसा किंवा मास्टरकार्ड डेबिट बिल शोधून एमडीआरला मूळ रकमेनं भागून बघावं. वहीतही त्या शनिवारची विक्री १३,००० अशीच लिहायची आणि कपात वेगळी, खर्चात. २० लाखांची मर्यादा मोजताना धरायची ती पूर्ण विक्री, पासबुकात आलेली रक्कम नाही.