कल्हईचं पातेलं : आठ महिन्यांनंतर

लातूरला गंजगोलाईजवळ ज्या दुकानात मी आईच्या लग्नातल्या पितळी पातेल्याला कल्हई करून घेतली, त्या दुकानाला यंदा ५० वर्षं झाली. काका, मनापासून अभिनंदन! पण आधी पातेल्याचं सांगते.

कल्हई समोर बसून पाहिली. पातेलं आधी आतून लख्ख केलं, भट्टीवर चांगलं तापवलं, आत नवसागराची चिमूट टाकली. पांढरा धूर उठला. लगेच कथलाची कांडी फिरवली आणि कापसाच्या बोळ्याने ते कथील भराभर सगळीकडे पसरवलं. मग गार पाण्यात बुडवलं, चर्रर्र! काकांनी माझं बोट आतून घासायला लावलं. "काळं लागलं का? नाही ना? शिसं मिसळलं की बोट काळं होतं बघा."

आठ महिने त्यात वरण, आमटी, आठवड्यातून दोनदा कढी. कढी कळकली नाही, हिरवट झाक नाही. तारेची घासणी आणि राख आत लावत नाही, ढवळायला लाकडी पळी. आता तळाशी रुपयाएवढा पिवळा ठिपका दिसू लागलाय, म्हणजे पुन्हा कल्हईची वेळ झाली. तोवर आंबट बंद.

एक घोटाळा माझ्याच हातून झाला. रिकामं पातेलं गॅसवर ठेवून फोनवर बोलत बसले. कथील २३२ अंशांलाच वितळतं. बघते तर एका बाजूला त्याचे मोत्यासारखे थेंब. घेऊन गेले, तर काका म्हणाले, "ताई, आधी आत कायतरी टाका, मग गॅस पेटवा." तेवढाच भाग पुन्हा करून दिला, पैसे घेतले नाहीत.

तक्रार एकच : भट्टी आठवड्यातून एकच दिवस पेटते, त्यामुळे खेटे पडतात. पण स्टील आलं, नॉनस्टिक आलं, लोकांनी पितळ मोडीत घातलं, तेव्हाही तो एक दिवस त्यांनी चुकवला नाही. दुकान चाललं ते स्टीलवर, भट्टी चालली ती हट्टावर. मी गेले त्या दिवशी औशाहून एक आजी धोतरात बांधून चार भांडी घेऊन आल्या होत्या. जवळ कुठे होत नाही का, विचारलं तर म्हणाल्या, "होतंय की. पर माझी भांडी ह्येंला वळकतेत."

मला ते अतिशयोक्तीचं वाटलं. मग काकांनी माझं पातेलं फिरवून काठावरची अक्षरं पाहिली. 'मामाकडून सप्रेम भेट', ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं. 'भ'ची गाठच न पडल्याने वाचताना 'मेट' वाचलं जातं. आमच्या घरी या पातेल्याला मेटच म्हणतात. काका हसले. "आमच्या अण्णांचा हात. त्यांना 'भ' कधी जमलाच नाही."