कालव्यात पाणी किती उभं आहे? एकाच कालव्यावर तीन पद्धतींची तुलना

कालव्याचा छेद समलंब चौकोनी असतो हे माहीत असतं, समलंबाचं क्षेत्रफळ शाळेत शिकलेलं असतं, लांबी मोजलेली असते. तरीही एकाच कालव्याच्या एकाच टप्प्यासाठी दोन माणसं दोन वेगळे आकडे घेऊन येतात. बहुतेक वेळा दोघांचा गुणाकार बरोबर असतो. फरक असतो तो कोणती रुंदी घेतली आणि कोणत्या ठिकाणची खोली घेतली यात. म्हणून खालची सगळी तुलना मी एकाच कालव्यावर करतो, म्हणजे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघता येतील.

आपला कालवा असा: तळरुंदी २ मीटर. तळापासून काठापर्यंत उंची १.५ मीटर. बाजूचा उतार १.५:१, म्हणजे १ मीटर वर चढलं की बाजू १.५ मीटर बाहेर जाते. दोन्ही बाजू धरून काठावरची रुंदी ६.५ मीटर भरते. टप्प्याची लांबी ८०० मीटर आणि तळाचा उतार हजारात एक.

आधी रुंदीचं ठरवा

समजा पाणी १ मीटर खोल आहे. हाती आलेल्या नकाशावर दोनच रुंद्या असतात, तळाची २ आणि काठाची ६.५. हात आपोआप त्याच दोन आकड्यांकडे जातो: सरासरी ४.२५, गुणिले १ मीटर खोली, गुणिले ८००, म्हणजे ३,४०० घनमीटर.

हे चूक आहे, कारण पाणी काठापर्यंत पोचलेलंच नाही. वरचा अर्धा मीटर फ्री बोर्ड कोरडा आहे. समलंबाची वरची बाजू म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाची रुंदी, काठाची नव्हे. ती काढायची अशी: तळरुंदी + २ × बाजूचा उतार × खोली. इथे २ + २ × १.५ × १ = ५ मीटर. मग छेद (२ + ५) ÷ २ × १ = ३.५ चौरस मीटर आणि पाणी २,८०० घनमीटर. काठाची रुंदी धरणाऱ्याच्या हिशेबात ६०० घनमीटर पाणी जास्तीचं लागलं, म्हणजे एकवीस टक्क्यांहून जास्त. पुढे येणाऱ्या तिन्ही पद्धतींमधला फरक यापेक्षा कितीतरी लहान आहे.

बाजूचा उतार ठाऊक नसेल आणि फक्त दोन रुंद्या आणि पूर्ण उंची ठाऊक असेल, तरी अडत नाही. काठ आणि तळ यांच्या रुंदीतला फरक ४.५ मीटर, तो १.५ मीटर उंचीत पडतो. १ मीटर खोलीला त्यातला ३ मीटर येतो, म्हणून पृष्ठभाग पुन्हा ५ मीटरच.

मला स्वतःला आवडणारा एक मार्ग आहे. अर्ध्या खोलीवरची रुंदी काढा आणि तिला खोलीने गुणा. अर्ध्या मीटरवर रुंदी २ + १.५ = ३.५ मीटर, गुणिले १, तोच छेद. हा अंदाज नव्हे, अचूक उत्तर आहे, कारण मधल्या रेषेच्या वर जेवढा भाग बाहेर जातो तेवढाच खाली आत येतो. तोंडी पडताळा घ्यायला याहून सोपं काही नाही.

पाणी वाहतंय की अडवलेलं आहे?

पद्धत निवडण्याआधी हा प्रश्न विचारावा लागतो. पाणी एकसारखं वाहत असेल तर त्याचा पृष्ठभाग तळाला समांतर उतरतो. वरच्या टोकाला खोली १ मीटर, मध्ये १ मीटर, खालीही १ मीटर. तिन्ही पद्धती २,८०० हेच उत्तर देतात आणि निवड करण्यासारखं काही उरतच नाही. सगळ्यात सोपी घ्या.

खालचं गेट बंद असेल तर चित्र बदलतं. उभ्या पाण्याचा पृष्ठभाग सपाट असतो आणि तळ मात्र उतरत जातो. ८०० मीटरमध्ये तळ ०.८ मीटर उतरला, म्हणून वरच्या टोकाला ०.६ मीटर पाणी असेल तर गेटपाशी १.४ मीटर असणार. यात एक पडताळाही आपोआप मिळतो: दोन टोकांच्या खोल्यांतला फरक तळ जेवढा उतरला तेवढाच आला पाहिजे. तो जुळला नाही तर एकतर पाणी अजून हलतंय, नाहीतर कुठेतरी गाळ आहे.

आता तीन पद्धती.

पहिली, सरासरी खोलीची. (०.६ + १.४) ÷ २ = १ मीटर. छेद ३.५, पाणी २,८०० घनमीटर.

दुसरी, टोकांच्या छेदांची सरासरी. वरच्या टोकाचा छेद २.९ × ०.६ = १.७४, गेटपाशी ४.१ × १.४ = ५.७४ चौरस मीटर. सरासरी ३.७४, पाणी २,९९२ घनमीटर. मातीकामाची मोजमापं करणाऱ्यांच्या हाती ही पद्धत इतकी बसलेली असते की पाण्यालाही तीच लावली जाते.

तिसरी, प्रिझमॉइडल सूत्राची. दोन टोकांचे छेद, त्यात मधल्या छेदाची चौपट मिळवायची आणि सहाने भागायचं: (१.७४ + ४ × ३.५ + ५.७४) ÷ ६ = ३.५८. पाणी २,८६४ घनमीटर.

| पद्धत | पाणी (घनमीटर) | खऱ्यापासून फरक |
|---|---|---|
| सरासरी खोली | २,८०० | ६४ कमी |
| टोकांच्या छेदांची सरासरी | २,९९२ | १२८ जास्त |
| प्रिझमॉइडल | २,८६४ | ० |

तिसऱ्या पद्धतीला मी खरं उत्तर का म्हणतो, ते सांगायला हवं. समलंबाचा छेद खोलीच्या वर्गानुसार वाढतो, कारण खोली वाढली की रुंदीही वाढते. सपाट पाणी आणि सरळ उतरता तळ असेल तर खोली अंतराप्रमाणे सारखी वाढत जाते. अशा वर्गातल्या वाढीसाठी हे सूत्र काटेकोर आहे, तिथे अंदाज नाही. सरासरी खोली ही वाढ विसरते म्हणून कमी पडते. टोकांची सरासरी गेटपाशी फुगलेल्या छेदाला त्याच्या वाट्यापेक्षा जास्त वजन देते म्हणून जास्त भरते. आणि दुसरीची चूक नेहमी पहिलीच्या बरोबर दुप्पट असते, उलट दिशेला. इथे १२८ आणि ६४ योगायोगाने आलेले नाहीत.

यातूनच निवडीचा निकष निघतो. पहिल्या पद्धतीतली तूट अशी मोजता येते: बाजूचा उतार × (दोन खोल्यांतला फरक) चा वर्ग × लांबी ÷ १२. आपल्या उदाहरणात १.५ × ०.६४ × ८०० ÷ १२ = ६४. आता खोल्यांतला फरक ०.८ ऐवजी ०.२ मीटर असता तर तूट फक्त ४ घनमीटर आली असती. तेवढ्यासाठी तीन छेद काढत बसायची गरज नाही. माझं मत असं, की दोन टोकांच्या खोल्यांतला फरक सरासरी खोलीच्या चौथ्या हिश्शाच्या आत असेल तर खुशाल सरासरी खोली घ्या. त्यापुढे गेला तर प्रिझमॉइडल वापरा. टोकांच्या छेदांच्या सरासरीकडे जाण्याचं कारण मला तरी दिसत नाही: मेहनत जास्त आणि चूक दुप्पट. अपवाद एकच, कालव्याचा छेद दोन टोकांना वेगळा असेल आणि मधला काही केल्या मोजता येत नसेल.

प्रिझमॉइडलचीही मर्यादा आहे. टप्प्यात मध्येच तळरुंदी बदलत असेल, बाजूचा उतार बदलत असेल किंवा पायरीसारखा धबधबा बांधलेला असेल, तर टप्पा तिथे तोडा आणि प्रत्येक तुकड्याचं वेगळं गणित करा.

पाणी वरच्या टोकापर्यंत पोचलंच नाही तर

गेटपाशी फक्त ०.६ मीटर पाणी आहे असं समजा. तळाचा उतार हजारात एक, म्हणून हे पाणी मागे ६०० मीटरपर्यंतच पसरेल आणि वरचे २०० मीटर कोरडे राहतील. लांबी ६०० धरून प्रिझमॉइडलने मोजलं तर ४६८ घनमीटर येतात. सवयीने ८०० लावली तर ६२४, म्हणजे तिसऱ्या हिश्शाने जास्त. अशा वेळी पद्धतीच्या आधी लांबी तपासायची. कालव्यावर चालत जाऊन पाण्याची कड कुठे संपते ते पाहून आलात तर सगळ्यात उत्तम.

सूत्रापेक्षा मोठी चूक कुठे होते

सूत्रांतला फरक ६४ किंवा १२८ घनमीटरचा. पुन्हा १ मीटर खोलीचं, टप्पाभर सारखं पाणी धरा. पृष्ठभाग ५ मीटर रुंद आणि ८०० मीटर लांब, म्हणून खोली वाचताना १ सेंटिमीटरची चूक झाली की ४० घनमीटर इकडचे तिकडे होतात. ५ सेंटिमीटर चुकले तर २००. लाटा उठत असताना घाईत वाचलेल्या गेजवर हे सहज घडतं.

अस्तर केलेल्या कालव्यात आणखी एक गोष्ट मी पाहिली आहे. एकाने काठावरून टेप सोडला, तो बाजूच्या अस्तरावर टेकत खाली गेला आणि पाण्याच्या रेषेपासून तळापर्यंतचं अंतर वाचून त्याने तेच खोली म्हणून लिहिलं: १.८० मीटर. ती खोली नव्हती, तिरकी लांबी होती. १.५:१ उताराला तिरकी लांबी उभ्या खोलीच्या १.८० पट असते, म्हणजे खरी खोली १ मीटरच. काठाची उंचीच १.५ मीटर असताना १.८० मीटर पाणी कसं मावेल, एवढं पाहिलं असतं तरी तिथेच कळलं असतं.

गाळ मात्र असा दिसून येत नाही. तळाशी १५ सेंटिमीटर गाळ बसला असेल आणि गेजचं शून्य मूळ तळावर असेल, तर गेज १ मीटर दाखवत राहतं आणि पाणी म्हणून मोजलेल्यातले सुमारे २६७ घनमीटर प्रत्यक्षात गाळ असतो. खोली मोजायची पट्टी, म्हणजे स्टाफ, गाळावर टेकवून ०.८५ मीटर वाचलं आणि तळरुंदी नकाशातली २ मीटरच ठेवली, तर चूक उलट्या बाजूला जाते, पाणी सुमारे ३०० घनमीटरने कमी भरतं. गाळाच्या वरची रुंदी २.४५ मीटर झालेली असते. ती आणि पृष्ठभागाचे ५ मीटर यांची सरासरी घेऊन ०.८५ ने गुणलं की खरा छेद मिळतो, ३.१७ चौरस मीटर.

गाळ ओळखायला अडवलेल्या पाण्यात तीन ठिकाणी स्टाफ टाका: वर, बरोबर मध्ये आणि गेटपाशी. सपाट पाण्यात मधली खोली दोन टोकांच्या सरासरीएवढी यायला हवी. आपल्या उदाहरणात १ मीटरऐवजी तिथे ०.८८ आली, तर लोखंडी सळई घेऊन गाळातून अस्तर लागेपर्यंत दाबा. दोन वाचनांतला फरक म्हणजे गाळाची जाडी. टोकांची वाचनं बरोबर आली तरी टोकांनाही एकदा सळई घाला, कारण गाळ टप्पाभर सारखा बसला असेल तर तिन्ही खोल्या एकमेकींशी जुळतात आणि स्टाफला काहीच कळत नाही.